मोठी बाय, तिचा नवरा आणि अठरा गुंठे

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच वाक्य शिल्लक आहे: "त्याने शेत दारूत घालवलं." त्यांचा फोटो नाही, त्यांची वस्तू नाही. ते दिसायला कसे होते, काय काम करायचे, कुणाला आवडायचे, काहीच नाही. फक्त हे वाक्य. ते पप्पांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं आणि पप्पांनी आम्हाला.

हे वाक्य निरुपद्रवी नाही. माझा एक चुलतभाऊ आहे. गेल्या काही वर्षांत त्याचं पिणं वाढलंय, आणि घरातली मोठी माणसं त्याच्याबद्दल बोलताना एक शब्द हमखास वापरतात: "त्याच्यावर गेलाय." म्हणजे ज्या माणसाला आज जिवंत असलेल्यांपैकी कुणाला नीट आठवत नाही, त्याच्यावर. भावाने मला एकदा विचारलं होतं, "तो खरंच पिऊन मेला का रे? की असंच?" मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी शोधायला लागलो.

आम्ही मरोळच्या गावठाणातले, ईस्ट इंडियन. म्हणजे साष्टीतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. 'ईस्ट इंडियन' हे नाव आमच्या लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. त्याआधीही माणसं तीच होती, घरं तीच होती आणि भाताची खाचरंही तीच होती. आज त्या खाचरांवर एमआयडीसी आणि हॉटेलं आहेत. गावठाणात घरं थोडी आणि सगळे एकमेकांना ओळखून, म्हणून या लेखात कुणाचंच नाव लिहिलेलं नाही.

पुढे वाचण्याआधी एक सोय करून ठेवतो. या लेखात तीन प्रकारची वाक्यं आहेत. जे कागदावर लिहिलेलं मी स्वतः पाहिलं, त्याला मी 'नोंद' म्हणेन. जे कुणीतरी सांगितलं, ते 'ऐकीव'. आणि या दोन्हींवरून मी जे जुळवलं, तो 'अंदाज'. घरच्या गोष्टींमध्ये हे तिन्ही एकमेकांत असे मिसळतात की दोन पिढ्यांनी अंदाजच नोंद वाटायला लागतो.

ऐकीव म्हणजे नेमकं कुणाकडून?

माझ्याकडे सांगणारी माणसं तीन: पप्पा, आत्या आणि आजोबांची धाकटी बहीण. तिला आम्ही धाकटी आजी म्हणतो. ती चौऱ्याण्णव वर्षांची आहे आणि तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. आजोबा २००४ मध्ये गेले.

पप्पा आणि आत्या दोघंही म्हणतात की शेत दारूत गेलं. वरवर पाहिलं तर हे दोन साक्षीदार झाले. पण दोघांनी ते ऐकलं एकाच माणसाकडून, आजोबांकडून. म्हणजे साक्षीदार एकच, फक्त तो दोनदा बोलतोय. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज चार ग्रुपमधून आला तर तो चौपट खरा होत नाही, तसंच हे. म्हणून मी प्रत्येक गोष्टीपुढे लिहायला सुरुवात केली की हे कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, आणि घटना घडली तेव्हा पहिल्या सांगणाऱ्याचं वय किती होतं.

हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. आजोबांचा जन्म १९२३ चा (नोंद). धाकट्या आजीचा १९३१ चा (नोंद). पणजोबा वारले १९३३ मध्ये (नोंद). म्हणजे वडील गेले तेव्हा धाकटी आजी दोन वर्षांची होती आणि आजोबा दहा. धाकट्या आजीला वडील आठवतच नाहीत, हे ती स्वतःच सांगते. राहिले आजोबा. त्यांनी वडिलांना पिताना पाहिलं असेल तर ते साधारण १९२७-२८ पासून पुढे. त्याआधीचं जे काही ते सांगायचे, ते त्यांनी पाहिलेलं असणं शक्य नाही.

हे लक्षात ठेवा. शेताची तारीख येईल तेव्हा लागेल.

सहारची गाडी

शेताकडे जाण्याआधी पणजीकडे जातो. तिला सगळे 'मोठी बाय' म्हणायचे. ती १९७१ मध्ये गेली, त्यामुळे तिच्याबद्दलच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

त्यातली एक अशी: मोठी बाय डोक्यावर टोपली घेऊन सहारपर्यंत चालत जायची, तिथून आगगाडीत बसायची आणि कुर्ल्याला जाऊन माल विकायची. आजोबा लहान असताना तिच्याबरोबर जायचे, आणि टोपलीचंही तिकीट काढा म्हणून एकदा तिकीट तपासणाऱ्याशी तिचं भांडण झालं होतं (ऐकीव).

ही गोष्ट निघाली की घरात हशा व्हायचा. सहारला कुठली आलीये आगगाडी? अंधेरीला आहे, कुर्ल्याला आहे, पण दोन्हींच्या मधे तर विमानतळ! २०२४ मध्ये मेट्रो ३ वर 'सहार रोड' स्टेशन सुरू झालं तेव्हा काकांनी ग्रुपवर लिहिलं होतं की मोठ्या बायला शंभर वर्षं आधीच मेट्रो दिसली होती.

पण गाडी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने अंधेरी ते तुर्भे असा एक छोटा फाटा चालवला होता, म्हणजे आजचं ट्रॉम्बे. लांबी साधारण १३ किलोमीटर, आणि वाटेत सहार आणि कुर्ला. तो १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. जेमतेम सहा वर्षं. म्हणून तो कुणाच्या लक्षात राहिला नाही.

मला या फाट्याचं अप्रूप आहे ते वेगळ्या कारणासाठी. आजीआजोबांच्या गोष्टींना तारखा नसतात. 'तेव्हा', 'पूर्वी', 'मी लहान होतो' एवढंच असतं. अशा गोष्टीत एखादी वस्तू सापडली, जी फक्त ठरावीक वर्षांतच अस्तित्वात होती, तर ती वस्तूच गोष्टीला तारीख देते. ही गाडी तशी आहे. ती १९२८ च्या आधी नव्हती आणि १९३४ च्या नंतर नव्हती. आजोबा तेव्हा पाच ते अकरा वर्षांचे होते, म्हणजे आईबरोबर टोपलीशेजारी बसून जाण्याच्याच वयाचे. गोष्ट आणि कागद एकमेकांत बसतात.

यातून पक्कं काय निघतं? आजोबांना असं काहीतरी आठवत होतं जे त्यांनी नंतर कुठे वाचलेलं असण्याची शक्यता फार कमी आहे. म्हणजे ते घडलेलं सांगत होते. तिकीटवाल्याशी भांडण झालं की नाही, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. गाडी खरी निघाली म्हणून गाडीतलं सगळंच खरं होत नाही.

आणि टोपलीत काय होतं, हे कुणालाच नक्की माहीत नाही. पप्पा म्हणतात भाजी, आत्या म्हणते अंडी. धाकटी आजी म्हणते, "जे मिळेल ते." माझा अंदाज धाकट्या आजीच्या बाजूने आहे. का, ते पुढे येईल.

जुनं चर्च आणि गायब पिढ्या

दुसरी गोष्ट याच्या उलट निघाली. घरात सांगतात की मोठ्या बायचा बाप्तिस्मा 'जंगलातल्या चर्चमध्ये' झाला. ते चर्च तुम्ही ऐकलं असेल. आज ते सीप्झच्या आवारात आहे, छप्पर नसलेलं, नुसत्या भिंती. पोर्तुगीज काळात, १५७९ मध्ये जेजुइटांनी ते बांधलं. १८४० च्या सुमारास साथीत तिथली वस्ती उठली आणि पॅरिश मरोळला आली. तेच आमचं आजचं सेंट जॉन चर्च.

मोठी बाय १८९६ मध्ये जन्मली (ही नोंद कशी सापडली ते लगेच सांगतो). म्हणजे जंगलातलं चर्च ओस पडून तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. तिचा बाप्तिस्मा तिथे होणं शक्य नाही.

मग घरचे खोटं बोलत होते का? तसं नाही. बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी आफ्रिकेतल्या तोंडी इतिहासावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी दाखवलं की माणसांना दोन काळांबद्दल खूप काही सांगता येतं: अगदी अलीकडचा काळ, आणि 'आपण कुठून आलो' तो मूळचा काळ. मधला भाग रिकामा असतो. आणि पिढ्या जशा पुढे सरकतात, तसं हे रिकामं भगदाडही त्यांच्याबरोबर पुढे सरकतं. भगदाडाच्या पलीकडच्या गोष्टी मग अलीकडच्या, आठवणीतल्या माणसाला चिकटतात.

आमच्या घरात जुन्यात जुनं नाव मोठ्या बायचं आहे. म्हणून जे काही जुनं असेल ते तिचंच. जंगलातल्या चर्चमध्ये कुणाचा तरी बाप्तिस्मा झाला असेल, पण तो तिच्या आजीचा किंवा आजोबाचा असावा (अंदाज). पंचवीस-तीस वर्षांची एक पिढी धरली तर हिशेब साधारण तिथेच पोचतो. ती पिढी आमच्याकडे नावासकट गायब आहे.

हे इतकं लांबण लावून सांगतोय, कारण पणजोबांच्या बाबतीतही असंच झालं असावं, अशी शंका मला इथेच पहिल्यांदा आली. एका काळात घडलेली गोष्ट दुसऱ्या काळातल्या माणसाला चिकटू शकते. मग एकाच माणसाच्या आयुष्यातही, आधी घडलेलं नंतर घडलेल्याला चिकटू शकेल.

मोठी बाय नेमकी कुठली?

पॅरिशच्या नोंदवहीत नाव शोधणं सोपं वाटतं. तसं नसतं. आमच्याकडे संतांची नावं मोजकी आणि पोर्तुगीज आडनावं त्याहून मोजकी. घरात माणसाला वेगळ्याच नावाने हाक मारतात आणि नोंदवहीत वेगळंच नाव असतं. मोठ्या बायच्या कागदोपत्री नावाच्या, त्याच आडनावाच्या दोन मुलींचे बाप्तिस्मे सापडले: एक १८९१ चा, एक १८९६ चा. दोघी वेगवेगळ्या बापांच्या. आता यातली आमची कुठली?

मोठ्या बायच्या मृत्यूच्या दाखल्यावर वय लिहिलंय ८० वर्षं. १९७१ मधून ८० गेले की १८९१. पहिली मुलगी चपखल बसते. बरेच जण इथेच थांबतात आणि वंशावळ चुकीच्या घरात घेऊन जातात. पण दाखल्यावरचं वय कुणी सांगितलेलं असतं? ज्याने नोंद केली त्याने, अंदाजाने. जुन्या कागदांत म्हाताऱ्या माणसांची वयं बघा. ७०, ७५, ८० अशीच जास्त दिसतात, कारण ज्याला नक्की माहीत नसतं तो पाचाच्या किंवा दहाच्या आकड्याशी येऊन थांबतो. म्हणून गोल आकडा दिसला की तो अंदाज समजायचा.

उत्तर नोंदवहीच्या समासात होतं. १९०८ पासून चर्चचा नियम आहे की कुणाचं लग्न झालं की ते बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या कडेलाही लिहायचं, म्हणजे एकच माणूस दोनदा लग्न करू शकणार नाही. १८९६ च्या मुलीच्या नोंदीशेजारी वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात दोन ओळी आहेत: मे १९१४, मरोळ, आणि नवऱ्याचं नाव. ते पणजोबांचं. १८९१ च्या मुलीचा समास कोरा आहे.

म्हणजे मोठी बाय १८९६ ची. लग्न झालं तेव्हा अठरा वर्षांची. ही नोंद.

दोन ओळी ज्यांची कुणाला कल्पना नव्हती

लग्न १९१४ चं आणि आजोबांचा जन्म १९२३ चा. मधे नऊ वर्षं. त्या काळात, त्या घरात नऊ वर्षांचा खंड विचित्र वाटतो. अशा खंडात मी दोनच गोष्टी शोधतो: एकतर नवरा बाहेरगावी असतो, नाहीतर मुलं होतात आणि जातात.

मुलं होऊन गेली होती. बाप्तिस्म्याच्या वहीत १९१५ चा एक मुलगा आहे आणि १९१७ ची एक मुलगी. आईबापांची नावं आमची. आणि दफनाच्या वहीत ऑक्टोबर १९१८ मध्ये, आठ दिवसांच्या अंतराने, तीच दोन नावं. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी अकरा महिन्यांची. कारणाच्या जागी एकच शब्द: ताप.

या दोन मुलांबद्दल आमच्या घरात कुणालाही काहीही माहीत नव्हतं. पप्पांना नाही, आत्याला नाही, धाकट्या आजीला नाही.

ऑक्टोबर १९१८ म्हणजे इन्फ्लुएन्झाचा ऑक्टोबर. जूनमध्ये मुंबई बंदरातून साथ आली आणि थोडी ओसरली. सप्टेंबरमध्ये ती परत आली तेव्हा मारूनच गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबई शहरात एकाच दिवशी सातशेहून जास्त माणसं गेली. देशभरात मिळून एक कोटीहून जास्त माणसं मेली. त्यातली बहुतेक सरकारी कागदांत 'ताप' याच सदरात गेली, कारण खेडेगावात कुणी निदान करणारं नव्हतं.

तर, ही दोन मुलं इन्फ्लुएन्झाने गेली का? नोंद फक्त 'ताप' म्हणते. महिना जुळतो, आठ दिवसांचं अंतर जुळतं आणि त्या पानावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दफनं आहेत. मी याला भक्कम अंदाज म्हणतो. पण मरोळच्या आजूबाजूला खाचरं आणि तलाव होते, तिथे मलेरियाही होता. म्हणून अंदाजच.

अठरा गुंठे

आता शेत. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीच्या कागदांच्या काही नकला होत्या. कुठल्यातरी कामासाठी त्यांनी त्या काढून घेतल्या असणार. त्यातला एक कागद घरात सगळ्यांनी बाजूला टाकला होता, कारण त्यावर लिहिलंय: तालुका साष्टी, जिल्हा ठाणे. आपण तर मुंबईतले, हा ठाण्याचा कुणाचा तरी कागद आपल्यात आलाय, असं समजून.

पण मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० मध्ये. त्याआधी मरोळ ठाणे जिल्ह्यातच होतं. कागद त्याआधीच्या व्यवहाराचा आहे, म्हणून त्यावर ठाणे. उपनगरातल्या कुणीही घरचे जुने कागद चाळायला घेतले तर हे ध्यानात ठेवावं. जिल्हा चुकीचा वाटतो म्हणून कागद फेकू नये.

तो फेरफार आहे, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलला की होते ती नोंद. मार्च १९१९. अठरा गुंठे भातजमीन, दोनशे रुपयांना नजरगहाण. नजरगहाण म्हणजे जमीन तारण राहते, पण कसतो मालकच. सावकार फक्त कागदावर. याउलट ताबेगहाणात जमीनच सावकाराच्या हाती जाते. पणजोबांनी जमीन सोडली नव्हती. ती ठेवून पैसे काढले होते, म्हणजे फेडायची आशा होती (हा शेवटचा भाग अंदाज; इतर काही कारणानेही माणूस नजरगहाण करतो).

दुसरी नोंद १९२७ ची: तीच जमीन, खरेदी. घेणारा तोच सावकार. शेत गेलं ते इथे.

आता मघाची तारीख आठवा. गहाण १९१९ चं. आजोबा जन्मले १९२३ मध्ये. जमीन विकली गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. 'शेत दारूत गेलं' असं सांगणाऱ्या एकमेव साक्षीदाराने गहाण पाहिलेलं नव्हतं. विक्री आठवण्याचंही त्यांचं वय नव्हतं. त्यांनी पाहिलं ते नंतरचं: जमीन नसलेला, पिणारा बाप आणि टोपली घेऊन कुर्ल्याला जाणारी आई. मुलाने दोन गोष्टी शेजारी पाहिल्या आणि एकीला दुसरीचं कारण केलं.

आणि म्हणूनच टोपलीबद्दल धाकट्या आजीचं म्हणणं मला पटतं. गाडी १९२८ ला सुरू झाली, शेत १९२७ ला गेलं. स्वतःच्या शेतातलं विकायला काही राहिलंच नव्हतं. जे मिळेल ते घ्यायचं आणि विकायचं (अंदाज).

तीन अंदाज, आणि प्रत्येकातली अडचण

दोनशे रुपये कशासाठी काढले? कागदावर कारण नाही. मला तीन शक्यता दिसतात.

पहिली: साथ आणि दुष्काळ. १९१८ चा पाऊस फसला होता, धान्य महाग झालं होतं, आणि पाच महिन्यांपूर्वी घरातून दोन मुलं गेली होती. औषध, दफन, पोटाला धान्य, पुढच्या पेरणीचं बी. हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. पण 'जवळचं वाटतं' हाच धोका आहे. दोन तारखा शेजारी आल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. आजोबांनी हेच केलं होतं, आणि मी वेगळ्या तारखा घेऊन तेच करू शकतो.

दुसरी: एखादा साधा व्यवहार. बैल, घराचं छप्पर, बहिणीचं लग्न. दुःखाशी काही संबंध नसलेला. याला पुरावा नाही, पण याच्या विरुद्धही नाही.

तिसरी: दारू. तो १९१९ च्या आधीपासून पीत असू शकतो. हे मला नको असलेलं उत्तर आहे, म्हणून ते मी मुद्दाम यादीत ठेवलंय. शिवाय पहिली शक्यता खरी धरली, तरी १९१९ ते १९२७ ही आठ वर्षं उरतातच. कर्ज का फिटलं नाही? व्याजाने? पिकाने? की त्या वर्षांतल्या पिण्याने? दारूने शेत गहाण टाकलं नसेल, पण ते सुटू दिलं नसेल, हे अगदी शक्य आहे.

म्हणून मला एवढंच म्हणता येतं: जमीन जाण्याची सुरुवात कुणालाही आठवणाऱ्या दारूच्या आधी झाली. याच्या पुढे एक पाऊलही मला नोंदीवर टाकता येत नाही.

पप्पांचं उत्तर

मी हे सगळं पप्पांपुढे मांडलं. पप्पांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, आणि त्याचं कारण हे वाक्यच आहे. त्यांनी सगळे कागद चष्मा लावून वाचले. मग म्हणाले, "कागदावर माणूस पिताना दिसत नाही."

बरोबर आहे. गहाणाची नोंद होते, रोजच्या बाटलीची होत नाही. कागदात नसणं म्हणजे घडलं नसणं, असा अर्थ मी लावला असता तर पप्पांनी तो तिथेच पाडला असता. पण थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मुलगा तीन वर्षांचा होता म्हणालास?" आणि त्यांनी त्याचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

धाकट्या आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, आई कबरस्तानात घरच्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची, आणि दोन मेणबत्त्या बाजूला मातीत लावायची. कुणासाठी, ते कधी सांगितलं नाही.

हे मला फार हवंसं वाटलं. पण ते वहीत लिहिताना मी पुढे असंही लिहिलंय: 'मुलांची गोष्ट कळल्यानंतर सांगितलेलं.' याआधी कितीतरी वेळा मी तिला आईबद्दल विचारलं होतं, तेव्हा या मेणबत्त्या आल्या नव्हत्या. कदाचित माझ्या बातमीने जुनी आठवण वर आली. कदाचित बातमीनेच ती घडवली. म्हाताऱ्या माणसाला आपण आधी उत्तर सांगितलं की नंतरची साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी तिचं वजन कमी होतं. म्हणून आता मी तिला काहीही सांगण्याआधी विचारतो, आणि मोकळे प्रश्न विचारतो. 'बाबा प्यायचे का?' असं नाही, तर 'संध्याकाळी घरात कोण कोण असायचं?' असं.

चुलतभावालाही सगळं पाठवलं. त्याला 'तो पिऊन मेला नाही' असं मी लिहिलं नाही, कारण ते मला माहीत नाही. १९३३ च्या दफनाच्या नोंदीत कारणाची जागा कोरी आहे. मी लिहिलं: पणजोबा प्यायचे, हे आजोबांनी पाहिलेलं असावं. शेत गहाण पडलं ते आजोबांच्या जन्माआधी, दोन मुलं गेली त्याच्या पाच महिन्यांनंतर. आणि 'त्याच्यावर गेलाय' असं म्हणायला लागतो तेवढा तो माणूस आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही.

वंशावळीत आता पणजोबांच्या नावाखाली चार मुलं आहेत. पूर्वी दोन होती. व्यवसायाच्या रकान्यात 'भातशेती, १९२७ पर्यंत' असं आहे. 'शेत कसं गेलं' या रकान्यात लिहिलंय: नजरगहाण १९१९, खरेदी १९२७. आणि त्यापुढे कारणासाठी सोडलेली जागा मोकळी आहे. ती पेन्सिलीने भरायचाही मोह होतो, पण अजून भरलेली नाही.